सेंद्रिय कर्बाचा नकाशा: क्रिगिंगची रेंज २१० किलोमीटर येतेय, कुठे चुकतंय?

तांबडीमाती

नमस्कार मंडळी,

गगनबावड्यापासून नृसिंहवाडीपर्यंत, म्हणजे पंचगंगेच्या खोऱ्यात, मातीच्या वरच्या १५ सेंटिमीटरमधल्या सेंद्रिय कर्बाचा नकाशा करतेय. पीएचडीचं काम आहे. एकूण १३८ नमुने. साठ मी स्वतः घेतले, बाकीचे ७८ मृदा आरोग्य पत्रिकांच्या नोंदींतून मिळाले. सगळे वॉकली-ब्लॅक पद्धतीने तपासलेले. पश्चिमेला जंगलाच्या कडेची तांबडी माती १.९ टक्क्यांपर्यंत जाते आणि शिरोळकडच्या उसाच्या काळ्या रानात ०.५-०.६ वर येते. मोजके मोठे आकडे बाकीच्यांना ओढत होते म्हणून लॉग घेतला.

```r
v <- variogram(log(oc) ~ 1, s)
m <- fit.variogram(v, vgm(0.1, "Sph", 15000, 0.02))
```

उत्तर येतं: नगेट ०.०१, रेंज २१० किमी. सोबत ही ताकीद:

```
No convergence after 200 iterations: try different initial values?
```

माझं क्षेत्र पूर्व-पश्चिम जेमतेम ८२ किमी आहे! तरीही क्रॉस व्हॅलिडेशनमध्ये अंदाज आणि मोजमाप यांचा सहसंबंध ०.८६ येतो. सर म्हणतात, "०.८६ आहे ना, मग पुढे चला." पण नकाशावर जिथे नमुना तिथे गोल डाग दिसतात, देवी आल्यासारखे. मला हा नकाशा खरा वाटत नाही. कुणी अनुभवी आहे का?

---

मिसळप्रेमी

कोल्हापूरपासून सरळ रेषेत २०० किमी म्हणजे पुणं. तुमच्या मॉडेलनुसार पुण्याची माती अजून कोल्हापूरच्या प्रभावाखाली आहे. मातीचं ठाऊक नाही, मिसळीच्या बाबतीत हे सपशेल चूक आहे.

---

गणू_जीआयएस

ताई, घाबरू नका, नेहमीचा प्रॉब्लेम आहे. सुरुवातीच्या किमती चुकल्या की ही ताकीद येते. स्फेरिकलऐवजी गॉसियन मॉडेल लावा, रेंज हाताने २०००० धरा आणि फिट करताना ती बदलू देऊ नका. ताकीद जाते, वक्रही छान गुळगुळीत येतो. मी भूजल पातळीचे नकाशे असेच करतो, आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

---

शिवारातला

ताई, माझं रान शिरोळ तालुक्यात. कार्डावर सेंद्रिय कर्ब ०.४२ लिहून आलाय. पाचट जाळायचं बंद करून चार वर्षं झाली. शेणखत बी टाकतोय. मग वाढंना का? ह्यात क्रिगिंग किती टाकायचं एकरी?

---

हुपरीकर

@शिवारातला, एकरी दोन नगेट टाका, पण गुजरीतनं आणा. हुपरीत चांदीचे मिळतील. 😄

चेष्टा बाजूला. हे क्रिगिंग नाव डॅनी क्रिगे नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या खाण अभियंत्यावरून आलंय. सोन्याच्या खाणीतल्या मोजक्या नमुन्यांवरून बाकीच्या खडकात सोनं किती असेल, हा त्याचा प्रश्न. नगेट म्हणजे सोन्याचा गोळा. एका नमुन्यात तो सापडतो आणि हातभर अंतरावरच्या दुसऱ्यात काहीच नसतं. शेजारी असूनही न जुळणारा जो भाग, त्याला म्हणून नगेट.

---

निवृत्त_मातीवाला

तांबडीमाती, डाग बघून शंका आली हे चांगलं झालं. गणूचं अर्धं बरोबर आहे. सुरुवातीच्या किमतींमुळे ही ताकीद येऊ शकते. पण इथे कारण ते नाही, त्यामुळे उपायही तो नाही.

गगनबावड्यात पडणारा पाऊस शिरोळच्या कित्येक पट. पावसामागून झाडी, झाडीमागून पालापाचोळा, आणि त्यासोबत जांभ्याची माती संपून काळी माती सुरू होते. म्हणजे कर्ब पश्चिमेकडून पूर्वेकडे सलग उतरत जातो. दोन नमुने पूर्व-पश्चिम जितके लांब, तितका त्यांच्यातला फरक जास्त. अशा वेळी अंतरागणिक हा फरक दाखवणारा व्हेरिओग्राम सपाट होणार तरी कुठे? तो चढतच राहणार, आणि तो सपाट होण्याची जागा शोधत प्रोग्रॅम पुण्यापर्यंत जाणार. ती २१० किमीची रेंज मातीची नव्हे, घाटाच्या उताराची आहे.

गॉसियन लावू नकोस. तो वक्र अगदी सुरुवातीला जवळजवळ आडवा असतो, म्हणजे शेजारच्या दोन जागा तंतोतंत सारख्या असं तो गृहीत धरतो. भूजलाच्या पातळीला ते एक वेळ चालेल, पाणी आपोआप सपाट होतं. माती होत नाही. बांधाच्या अलीकडे शेणखत, पलीकडे नाही.

आधी उतार वेगळा काढ आणि उरलेल्या फरकाचा व्हेरिओग्राम बघ. सहनिर्देशक मीटरमध्ये आहेत ना? अक्षांश-रेखांशात नाहीत ना?

```r
s$x <- st_coordinates(s)[, 1] / 1000
v <- variogram(log(oc) ~ x, s, cutoff = 20000, width = 1000)
```

---

रसायनी

दोन ठिकाणचे नमुने एकत्र केलेत म्हणून विचारते. वॉकली-ब्लॅकच्या सूत्रात तुम्ही ०.००३ धरलाय की ०.००३९? या पद्धतीत सगळा कर्ब जळत नाही, म्हणून काही प्रयोगशाळा १.३ ने गुणून देतात, काही नाही. एका गटात गुणलेलं आणि दुसऱ्यात नसलं, तर ३० टक्क्यांचा फरक मातीत नसून वहीत असतो.

---

तांबडीमाती

@रसायनी ताई, तपासलं. दोन्हीकडे ०.००३ च आहे, हुश्श.

@निवृत्त_मातीवाला काका, सहनिर्देशक EPSG:32643 मध्येच आहेत. गणूदादांनी सांगितलं तसं गॉसियन आधी करून बघितलं होतं. पन्हाळ्याच्या पायथ्याला जिथे एकही नमुना नाही तिथे कर्ब ४ टक्के दाखवला. तो नकाशा फेकून दिला.

उतार काढल्यावर मात्र चित्रच बदललं. एक्स्पोनेन्शियल मॉडेल अगदी बिंदूंवरून गेलं. नगेट ०, सिल ०.०७५, रेंज ९५० मीटर. ताकीद गेली. `krige.cv` केलं. `zscore`, म्हणजे मॉडेलने सांगितलेल्या त्रुटीच्या मापात प्रत्यक्ष त्रुटी, त्याच्या वर्गांची सरासरी ०.७४. ती १ च्या आसपास हवी असं वाचलंय. सहसंबंध अजूनही ०.८६. डाग आहेत, पण लहान झालेत. आता चालेल ना?

---

गणू_जीआयएस

गॉसियनचं मान्य, मातीत हात घातलेला नाही कधी. 🙏

पण आता उत्तम झालंय. ०.७४ म्हणजे १ च्या जवळच. वक्र बिंदूंवरून जातोय. अजून काय हवं? ९५० मीटरनंतर संबंध संपतो, असं प्रबंधात लिहून टाका.

---

देवराई

एक्स्पोनेन्शियलमध्ये ९५० मीटरला संबंध संपत नाही हो. gstat जो आकडा देतो त्याच्या साधारण तिप्पट अंतरावर वक्र सिलच्या, म्हणजे सपाट होण्याच्या पातळीच्या, ९५ टक्क्यांवर पोचतो. म्हणजे इथे सुमारे २.८ किमी. स्फेरिकलचा आकडा जसाच्या तसा वाचायचा, याचा तिप्पट करून.

---

निवृत्त_मातीवाला

थांब, घाई नको. नगेट शून्य हे वाचून माझा चहा गार झाला.

नगेट शून्य म्हणजे काय, बघ. त्याच जागी पुन्हा खड्डा घेतला, पुन्हा प्रयोगशाळेत दिला, तर तंतोतंत तोच आकडा येईल. तीस वर्षांत मी असं एकदाही पाहिलं नाही. एकाच पिशवीतली माती दोनदा टायट्रेट केली तरी दुसऱ्या दशांशाला फरक पडतो. एवढ्या मोठ्या खोऱ्यात नगेट शून्य येतो तेव्हा मी मातीकडे नाही, आकडेवारीकडे संशयानं बघतो.

तुझ्या `v` च्या पहिल्या चार ओळी इथे टाक. आणि `zscore` च्या वर्गांचा मध्यकही काढ, नुसती सरासरी नको.

---

मिसळप्रेमी

काकांचा चहा गार झाला म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

---

तांबडीमाती

```
   np  dist  gamma
1  41   180  0.013
2  63  1540  0.058
3 104  2530  0.066
4 151  3510  0.072
```

मध्यक ०.१८ आला. तो किती यायला हवा?

---

निवृत्त_मातीवाला

त्रुटी नॉर्मल असतील आणि मॉडेल खरं बोलत असेल, तर मध्यक ०.४५५ च्या आसपास हवा. ०.१८ फारच कमी आहे. याचा अर्थ बऱ्याच नमुन्यांचा अंदाज संशय यावा इतका अचूक येतोय.

आता तक्त्याची पहिली ओळ बघ. पहिला गट ० ते १००० मीटरचा. जोड्या बऱ्यापैकी पसरलेल्या असत्या तर सरासरी अंतर सहाशे-सातशे मीटर आलं असतं. तुझं १८० आहे. म्हणजे त्या ४१ जोड्यांतल्या बहुतेक अगदी एकमेकींना चिकटून आहेत. आणि गॅमा, म्हणजे जोडीतल्या फरकाचं माप, ०.०१३, पुढच्या गटात एकदम ०.०५८. एवढी उडी मध्ये काही नसताना कशी?

फिटिंग त्या एका ओळीवर का नाचतंय तेही बघ. `fit.variogram` सांगितलं नाही तर जोड्यांच्या संख्येला अंतराच्या वर्गाने भागून प्रत्येक बिंदूला वजन देतं. पहिल्याला ४१ भागिले ०.१८ चा वर्ग, साधारण १२६५. दुसऱ्याला ६३ भागिले १.५४ चा वर्ग, साधारण २६.६. म्हणजे पहिल्या बिंदूचं वजन दुसऱ्याच्या ४८ पट! वक्र बिंदूंवरून जातोय म्हणून तू खूश आहेस. अगं, तो पहिल्या बिंदूतून जाणारच, त्याला तिथे बांधून ठेवलाय. त्यामुळे तो बिंदू खोटा असेल तर फिट जितका सुंदर तितका वाईट.

त्या ४१ जोड्या डोळ्यांखालून घाल:

```r
d  <- as.matrix(dist(st_coordinates(s)))
ij <- which(d < 1000 & upper.tri(d), arr.ind = TRUE)
cbind(s$oc[ij[, 1]], s$oc[ij[, 2]], d[ij])
```

---

तांबडीमाती

काका… ४१ पैकी २८ जोड्यांत कर्ब दोन्ही दशांशांपर्यंत सारखा. मग सामू, क्षारता, स्फुरद, पालाश बघितलं. तेही सारखे! नावं वेगळी, गट नंबर वेगळे, अंतर पन्नास-साठ मीटर, बाकी ओळ जशीच्या तशी. सगळ्या पत्रिकांच्या नोंदींतल्या. माझ्या साठ नमुन्यांत एकही नाही.

कुणी कॉपी-पेस्ट केलंय का?

---

पत्रिकावाला

कॉपी-पेस्ट नाही, आणि फसवणूकही नाही. मी त्या कामावर होतो म्हणून सांगतो. २०१५ ला योजना आली तेव्हा नियमच असा होता की बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक. त्या चौकटीत जेवढे शेतकरी, तेवढ्यांना त्याच एका नमुन्याचं कार्ड. आपल्याकडे अडीच हेक्टरात कधी चार-पाच खातेदारही निघतात. निकाल एक, कार्डं चार, आणि प्रत्येक कार्डावर त्या त्या शेताची जागा.

जागांबद्दल फार बोलत नाही. एका गावात कागदावर सगळे नमुने ग्रामपंचायतीच्या पारावर घेतलेले निघाले होते. उन्हाचे दिवस होते.

---

शिवारातला

म्हंजे माझ्या कार्डावरचं ०.४२ शेजाऱ्याच्या मातीचं असंल? त्यो तर अजून पाचट पेटवतोय!!

---

पत्रिकावाला

@शिवारातला दादा, असू शकतं. चौकटीत तुमची मातीही मिसळलेली असेल किंवा नसेलही. स्वतःच्या रानाचं कळायचं तर स्वतः नमुना द्या. आणि शेणखत टाकल्यावर लगेच घेऊ नका.

---

देवराई

आता ते ०.७४ कुठून आलं ते माझ्या लक्षात आलं. तांबडीमाती, ज्यांची जुळी भावंडं आहेत अशा नोंदी एकूण किती?

---

तांबडीमाती

दोन-दोनचे १० संच, तीन-तीनचे ४ आणि चारचा एक. एकूण ३६ नोंदी. त्यांतल्या २१ जास्तीच्या.

---

देवराई

मग १३८ मधून ३६ गेले, राहिले १०२. १०२ भागिले १३८ करून बघा. ०.७४!

क्रॉस व्हॅलिडेशन एक नमुना लपवतं आणि बाकीच्यांना विचारतं, इथे किती असेल? लपवलेल्याचं जुळं साठ मीटरवर उत्तर हातात घेऊन उभं असतं. त्यामुळे त्या ३६ नोंदींची त्रुटी जवळपास शून्य. उरलेल्या १०२ मध्ये वर्गांची सरासरी १ च्या आसपास. दोन्हींचं मिश्रण ०.७४, आणि मध्यक शून्याकडे ओढलेला. तुमचा ०.८६ चा सहसंबंधही याच जुळ्यांनी फुगवलाय.

---

गणू_जीआयएस

हे भारी आहे. माझ्या भूजलाच्या नकाशांत एकाच विहिरीच्या दोन नोंदी आहेत का, ते आत्ता बघतो. 😬

---

तांबडीमाती

प्रत्येक संचाची एकच नोंद ठेवली, जागा त्यांच्या मधोमध धरली. चौकटच अडीच हेक्टरची, म्हणजे बाजू साधारण १५८ मीटर. त्याहून नेमकी जागा मला मिळणार नाही. ११७ नमुने राहिले.

पहिल्या गटात आता फक्त ९ जोड्या, सरासरी अंतर ४७० मीटर, गॅमा ०.०४२. नवा फिट: नगेट ०.०३६, वरचा भाग ०.०४०, रेंज २.३ किमी. देवराईंच्या हिशेबाने प्रत्यक्षात सात किमीच्या आसपास. `zscore` वर्गांची सरासरी १.०२, मध्यक ०.४३. डागही गेले.

पण सहसंबंध ०.८१ वर आला आणि लॉगमधली त्रुटी ०.२३ वरून ०.२६ झाली. सरांना सांगितलं तर म्हणाले, "सुधारायला गेलीस आणि बिघडवून आलीस." आता त्यांना काय सांगू?

---

निवृत्त_मातीवाला

त्यांना सांग की नकाशा बिघडला नाही, आधीचे मार्क नक्कल करून मिळालेले होते. ०.२६ हीच पहिल्यापासूनची त्रुटी. लॉगमध्ये ०.२६ म्हणजे खऱ्या आकड्यात वरखाली साधारण ३० टक्के. आणि डाग का गेले तेही सांग. नगेट शून्य असताना मॉडेल प्रत्येक नमुन्यावर आंधळा विश्वास ठेवत होतं, म्हणून नकाशा प्रत्येक बिंदूपाशी उसळी मारून परत उतारावर यायचा. आता सिलचा जवळपास निम्मा भाग नगेट आहे, त्यामुळे एका नमुन्याचं तेवढं चालत नाही.

पण तुझ्या नगेटवर माझा अजून विश्वास नाही. नऊ जोड्यांवर ठरलेला आहे तो. गटात निदान तीस जोड्या तरी हव्यात. ४७० मीटर ही त्यांची सरासरी, त्याच्या बरंच आत काय चाललंय याची फारशी खरी नोंद तुझ्याकडे नाही. ०.०३६ हा वक्र मागे ताणून काढलेला आकडा आहे.

---

देवराई

इथे मी काकांशी असहमत. गट पाडून जोड्या मोजायची गरजच काय? रिस्ट्रिक्टेड मॅक्झिमम लाइकलीहूडने उतार आणि व्हेरिओग्रामचे आकडे एकदमच काढता येतात. गटाची रुंदी किती, वजन कसलं, हे वाद उरत नाहीत. ११७ नमुने त्याला पुरेसे आहेत.

---

निवृत्त_मातीवाला

पद्धत चांगलीच आहे, वापरावी. पण जुळी आत असती तर तिनेही नगेट शून्यच दिला असता. आणि जवळच्या जोड्याच नसतील तर तीही नगेट आकाशातून आणणार नाही. फार तर तो किती अनिश्चित आहे हे प्रामाणिकपणे सांगेल.

---

देवराई

तेवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं की. गट पाडणारी पद्धत तेही सांगत नाही. असो, आपलं यावर जमणार नाही.

---

हुपरीकर

मला यातलं कळत नाही, पण एक विचारतो. २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवतात ना? आमच्या पै-पाहुण्यांच्या नदीकाठच्या रानात गाळाचा थर बसला होता. पत्रिकेचे नमुने पुराआधीचे आणि ताईंचे पुरानंतरचे असतील तर? वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये मातीच दुसरी.

---

तांबडीमाती

@हुपरीकर, हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. पत्रिकांच्या नोंदींतल्या काही पुराआधीच्याच आहेत. पूररेषेच्या आत माझे मोजकेच नमुने पडतात, तेवढ्यावरून गाळाचा परिणाम वेगळा काढणं अवघड दिसतंय.

---

मिसळप्रेमी

म्हणजे यापुढे 'माती तीच, माणसं बदलली' असं म्हणायची सोय राहिली नाही.

---

तांबडीमाती *(तीन आठवड्यांनी)*

धागा वर काढतेय. काकांचं ऐकून बारा ठिकाणी परत गेले. प्रत्येक ठिकाणी एका खड्ड्यापासून २० मीटर, १०० मीटर आणि ४०० मीटरवर आणखी एकेक नमुना. खुरप्याने व्ही आकाराचा खड्डा, १५ सेंटिमीटर, सगळं आधीसारखंच. शिवाय बारा पिशव्यांतली माती नीट मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे एकत्र केले आणि दोन्ही अर्धे वेगवेगळे तपासले. माझ्या ब्युरेटची परीक्षा.

एकाच पिशवीच्या दोन अर्ध्यांत गॅमा ०.००८. वीस मीटरवर ०.०२४. शंभर मीटरवर ०.०२९. चारशे मीटरवर ०.०३८.

सगळं धरून नवा फिट: नगेट ०.०२६, वरचा भाग ०.०४६, रेंज १.५ किमी, प्रत्यक्षात साडेचार किमी धरा. म्हणजे आधीचा ०.०३६ जास्त होता. काका बरोबर निघाले, पण मला वाटलं होतं त्याच्या उलट्या दिशेने. आणि ०.०२६ मधला ०.००८ तर माझ्या प्रयोगशाळेचाच आहे. उरलेला वीस मीटरच्या आतल्या मातीचा.

गंमत म्हणजे नकाशात फार बदल झाला नाही. नमुने सरासरी अडीच किमीच्या अंतराने आहेत, तिथवर पोचेपर्यंत दोन्ही वक्र जवळजवळ एकच होतात. त्रुटी ०.२६ च राहिली.

---

गणू_जीआयएस

मग एवढी पायपीट कशासाठी? आणि नकाशा बहुतेक पूर्व-पश्चिम उतारानेच ठरत असेल तर साधी रेघ मारली असती तरी भागलं असतं. क्रिगिंगने मिळवलं काय?

---

देवराई

गणू, हा प्रश्न चांगला आहे. उताराने एकूण फरकाचा सुमारे ६० टक्के भाग समजतो. क्रिगिंगने त्यावर फार थोडी भर पडते, कारण नमुने विरळ आहेत. नमुने किलोमीटरभरावर असते तर भर मोठी असती. पुढच्या वेळी किती अंतरावर खड्डे घ्यायचे, हे या वक्राशिवाय कळलं नसतं, एवढा फायदा नक्की. तो पायपिटीच्या तोलाचा आहे का, हे ज्यांचे पाय दुखले त्यांनी सांगावं.

---

तांबडीमाती

पाय दुखतायत. पण नकाशासोबत अनिश्चिततेचा दुसरा नकाशा देणार आहे, तिथे या जवळच्या जोड्या नसत्या तर मी खोटं लिहिलं असतं. सरांनी अजून 'हो' म्हटलेलं नाही.

---

निवृत्त_मातीवाला

लॉगमधून परत टक्क्यांत आणताना नुसता `exp` घेऊ नकोस, त्याने मध्यक येतो आणि तो सरासरीपेक्षा कमी असतो. कर्बाचा एकूण साठा काढणार असशील तर ते अंगाशी येईल. नुसता नकाशा दाखवायचा असेल तर मध्यक चालतो, तसं स्पष्ट लिही.

---

शिवारातला

ताई, एवढं सगळं केलंसा. आता माझ्या रानाचा आकडा तेवढा सांगा की. गट नंबर व्यनि करतो.

---

तांबडीमाती

@शिवारातला दादा, बघितलं. तुमच्या रानाला नकाशा ०.५५ म्हणतो. पण मॉडेलच्या हिशेबाने तो ०.३३ ते ०.९२ यांतला कुठलाही असू शकतो.

---

शिवारातला

आत्ता गं बया. एवढं तर मी बांधावर हुबा राहून सांगिटलं आस्तं.

या रविवारी या रानात. वरल्या अंगाला चार वर्सं पाचट कुजवलंय, खालच्या अंगाला गाळ बसलाय. दोन्हीकडनं घ्या पिशवी. शेजाऱ्याला बी बोलावतो, त्याच्या बांधाकडची बी एक घ्या, वीस मीटरवरनं.

---

हुपरीकर

जेवण काय आहे ते लिहा आधी, मग किती जण येतायत ते ठरेल.